घसा धरलेल्या मुलाचे दिवसभराचे खाणे

सर्दीत घसा सुजला की मूल जेवायला नको म्हणते. भूक मंदावलेली असते, आणि प्रत्येक घास सुजलेल्या भागावर घासत जातो म्हणून गिळताना दुखते. भर म्हणून नाक चोंदलेले असते. तोंडाने श्वास घ्यावा लागल्याने घसा कोरडा पडतो आणि चावताना मध्येच श्वासासाठी थांबावे लागते. अशा वेळी अन्नात पौष्टिकता किती, हा प्रश्न दुसरा. ते घशाखाली सहज उतरते का आणि उतरताना खोकला उठवते का, हे आधी पाहावे लागते. हा आजार बहुधा विषाणूंमुळे होतो आणि आठवडा-दहा दिवसांत आपोआप ओसरतो. आहाराने तो लवकर बरा होत नाही, पण ते दिवस मुलाला सोसवतात आणि शरीरातले पाणी कमी होत नाही.

खोकला उठवणारे पदार्थ ओळखणे अवघड नाही. कोरडे आणि भुगा होणारे पदार्थ, म्हणजे टोस्ट, खारी, चिवडा, फरसाण, यांचे कण घशाला चिकटतात आणि ढास लागते. आंबट पदार्थ झोंबतात, म्हणून आजारपणात हमखास केले जाणारे टोमॅटोचे सूप, लिंबूपाणी आणि संत्र्याचा रस घसा दुखत असेपर्यंत बाजूला ठेवलेले बरे. मिरची आणि मिरीचेही तेच. सर्दीवर म्हणून सूपमध्ये भरपूर मिरपूड घालतात, पण लहान मुलाला तिचा ठसकाच लागतो. फोडणी मुलाजवळ करू नये, तिच्या धुराने खोकला वाढतो.

दुधाने कफ वाढतो अशी समजूत घरोघरी आहे. प्रत्यक्षात दुधाने कफ जास्त तयार होत नाही. ते लाळेत मिसळल्यावर घशात थोडा वेळ दाटपणा जाणवतो, इतकेच. मूल दूध आवडीने पीत असेल तर ते बंद करून एक चांगला आहार हातचा घालवू नये.

सूप गरम का द्यायचे, यामागे अनुभवाबरोबर थोडा अभ्यासही आहे. वेल्समधील कार्डिफ विद्यापीठात सर्दी झालेल्या मोठ्या माणसांना फळांचे एकच पेय काहींना गरम, तर काहींना नेहमीच्या तापमानाचे दिले गेले. नाकातून हवा वाहण्यात मोजण्याजोगा फरक पडला नाही, पण गरम पेय घेणाऱ्यांना घसादुखी, खोकला आणि शिंका यांपासून लगेच आराम वाटला. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलासाठी मात्र गरम म्हणजे कोमट. चमच्यातला थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकला असता चटका बसता कामा नये. वाफाळते सूप सुजलेल्या घशाला आणखी दुखावते, आणि एकदा तोंड भाजलेले मूल पुढची वाटी तोंडाला लावत नाही.

चार वर्षांच्या, साधारण सोळा किलो वजनाच्या मुलाचा दिवस उदाहरणादाखल घेता येईल. एरवी या मुलाला दूध, सूप, पाणी सगळे धरून दिवसाला सुमारे सव्वा लिटर द्रव लागतो. ताप असेल तर थोडा जास्त. तीन वेळा पोटभर जेवण अशा दिवसात जमत नाही. दर दोन-अडीच तासांनी अर्धी-पाऊण वाटी हे प्रमाण चालते. पोट गच्च भरले आणि खोकल्याची उबळ आली, तर सगळे उलटून पडते.

उठल्यावर कोमट पाण्याचे काही घोट द्यावेत. रात्रभर तोंडाने श्वास घेतल्याने सकाळी घसा सर्वात जास्त दुखतो, म्हणून खाणे त्यानंतरच. न्याहारीला नाचणीचे सत्त्व द्यावे. दोन चमचे सत्त्व आधी गार पाण्यात कालवून, मग वाटीभर दुधात ढवळत शिजवले की गुठळ्या होत नाहीत. गूळ किंवा साखर बेताची. रव्याचा मऊ, ओलसर शिराही चालतो, पण त्यात काजू-बदामाचे तुकडे नकोत. खोकणाऱ्या मुलाच्या श्वासनलिकेत ते अडकू शकतात.

दहा-साडेदहाला मुगाचे कढण. पाव वाटी मूगडाळ धुऊन तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद आणि आल्याचा लहान तुकडा घालून कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या होऊ द्याव्यात. आले काढून डाळ घोटावी आणि गाळणीतून गाळावी. मग चमचाभर तुपात जिरे-हिंगाची फोडणी करून तीही गाळूनच वर घालावी, कारण जिऱ्याचा एक दाणा घशाला चिकटला तरी ढास सुरू होते. मीठ नेहमीपेक्षा किंचित कमी. कढण चमच्यावरून ओघळले पाहिजे. दाट झाले तर गरम पाणी घालावे.

दुपारी गुरगुट्या भात, म्हणजे एका वाटी तांदळाला पाच-सहा वाट्या पाणी घालून शिते मोडेपर्यंत शिजवलेला, तूप-मीठ घालून. मेतकूट घालायचे असेल तर ते तुपात नीट कालवूनच. वर भुरभुरलेली कोरडी पूड श्वासाबरोबर आत जाते आणि ठसका लागतो. चार वाजता पिकलेले केळे कुस्करून किंवा शिजवलेल्या सफरचंदाचा गर.

संध्याकाळी लाल भोपळ्याचे सूप. वाटीभर भोपळा, अर्धा बटाटा आणि लसणाची एक पाकळी शिजवून, वाटून, पातळ करायचे. भोपळ्याची गोडी मुलांना रुचते आणि आंबटपणा मुळीच नसतो. मांसाहारी घरात याऐवजी कोंबडीचे सूप करावे. मात्र ते बारीक गाळणीतून दोनदा गाळावे, हाडाचा सूक्ष्म तुकडाही राहू देऊ नये. रात्री साडेसात-आठला पातळ मूगखिचडी, किंवा साध्या वरणात बुडवून मऊ केलेली इडली. झोपण्यापूर्वी तासभर तरी जेवण झालेले असावे, म्हणजे आडवे होताच येणाऱ्या खोकल्याने उलटी होत नाही.

झोपताना अर्धा ते एक चमचा मध दिल्याने रात्रीचा खोकला काहीसा कमी होतो. मधानंतर चूळ भरवावी. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध बोटावरसुद्धा चाटवू नये. मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे त्या वयात बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

मुलाने भात टाकला तरी दोन दिवस फारसे बिघडत नाही, पण द्रव टाकून चालत नाही. लघवी फिकट पिवळी आणि नेहमीइतक्या वेळा होत असेल तर पाणी पुरेसे आहे. ती गडद झाली, सात-आठ तास झालीच नाही, किंवा रडताना डोळ्यांत पाणी येईना, तर डॉक्टरांकडे जावे. मूल लाळही गिळू शकत नसेल आणि ती तोंडातून गळत असेल, श्वास घेताना घशातून घुरघुर येत असेल किंवा बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर सूपच्या वाटीसाठी थांबू नये, तडक रुग्णालय गाठावे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास शांत असताना मिनिटाला चाळीस किंवा अधिक होत असेल, तरी त्याच दिवशी तपासणी हवी. ताप तीन दिवसांहून जास्त टिकला तरीही डॉक्टरांना दाखवावे.

गिळणे सोपे झाल्याची खूण म्हणजे मूल स्वतःहून खायला मागते. तेव्हा आधी वरणात कुस्करलेली पोळी, मग मऊ भाजी, आणि खोकला थांबल्यावर कुरकुरीत पदार्थ, या क्रमाने नेहमीचे जेवण परत आणावे. आजारपणात उतरलेले वजन भरून निघावे म्हणून पुढचे आठ-दहा दिवस रोज एक खाणे जास्तीचे द्यावे.