कोपर का चेपतं?

संगणकावर एक साधा त्रिमितीय मुलगा तयार आहे असं समजू. उंची सव्वा मीटरच्या आसपास, अंगात बनियन आणि हाफ पँट, दोन्ही हात आडवे पसरलेले. शरीराच्या आत हाडांचा सांगाडा बसवला, कातडी त्याला जोडली आणि मुलाला बेटकुळी दाखवायला लावली. हात वर आला, पण कोपर गायब झालं. बागेतला रबरी पाइप दुमडला की जसा चपटा होतो, तसा हात त्या जागी बसला आणि आतल्या बाजूला दंडाची कातडी सरळ मनगटाकडच्या हातात घुसली. शिकणारे बहुतेक जण इथे मॉडेलला दोष देतात किंवा सॉफ्टवेअरला. खरं कारण एका साध्या सरासरीत आहे आणि ते कळलं की अर्धी दुरुस्ती आपोआप सुचते.

पात्राची कातडी म्हणजे हजारो बिंदूंची जाळी. सांगाड्यातलं प्रत्येक हाड प्रत्येक बिंदूला किती ओढणार, हे ० ते १ मधल्या एका आकड्याने ठरतं. त्याला वेट म्हणतात. दंडाच्या मधल्या बिंदूवर दंडाच्या हाडाचं वेट १, म्हणजे तो फक्त त्याच हाडाबरोबर फिरणार. नेमक्या कोपरावरच्या बिंदूवर दोन्ही हाडांचं ०.५, ०.५. हात वाकला की संगणक त्या बिंदूच्या दोन जागा काढतो, तो दंडाबरोबर राहिला असता तर कुठे असता आणि पुढच्या हाताबरोबर गेला असता तर कुठे असता. मग दोन्हींच्या बरोबर मध्ये, सरळ रेषेवर, त्याला ठेवतो.

घोळ त्या सरळ रेषेत आहे. खरं कोपर सांध्याभोवती वर्तुळात फिरतं. वर्तुळावरच्या दोन जागा सरळ रेषेने जोडल्या की रेषेचा मध्य वर्तुळाच्या आत येतो, म्हणजे बिंदू सांध्याकडे सरकतो. किती सरकतो हेही काढता येतं: वाकण्याच्या निम्म्या कोनाचा कोसाइन घ्यायचा आणि त्याने मूळ अंतराला गुणायचं. आपल्या मुलाचं कोपर ६ सेंटीमीटर जाड आहे आणि सांधा बरोबर मध्ये आहे असं धरू. कोपराचं टोक सांध्यापासून ३ सेंटीमीटरवर आहे. हात ९० अंशांत वाकला की ते अंतर २.१ होतं. बेटकुळीसाठी १४० अंशांपर्यंत नेला तर जेमतेम १ उरतं. दोन्ही कुशींवरचे बिंदू मात्र हलत नाहीत, कारण ते वाकण्याच्या आसावरच असतात. जाडी कमी होते आणि रुंदी तेवढीच राहते, म्हणून कोपर नुसतं बारीक न दिसता चपटं दिसतं.

आता दुरुस्ती. मी इथे ब्लेंडर धरून बोलतो, कारण ते फुकट मिळतं आणि घराघरांत तेच वापरतात. माया वापरणाऱ्यांसाठी बटणांची नावं बदलतील, गणित तेच राहील.

पहिली दुरुस्ती रंगकामाच्या आधीची, हाडाच्या जागेची. नवशिक्या माणूस सांधा हाताच्या बरोबर मधोमध ठेवतो. आपल्या शरीरातही कोपराचं टणक टोक मागे असतं आणि मांस पुढे, वाकण्याच्या आतल्या बाजूला. सांधा मागे, टोकाकडे सरकवून टोकापासून दीड सेंटीमीटरवर आणला तर ९० अंशांत टोक पाऊण-एक सेंटीमीटर आत जायचं ते अर्ध्यापेक्षाही कमी जातं. एक ब्रशही न उचलता निम्मं नुकसान वाचलं. सांधा मागे घेतल्याने दंड आणि पुढचा हात यांची हाडं एका रेषेत न राहता किंचित वाकलेली असतात, आणि याचा दुसराही उपयोग आहे. मनगट ओढलं की हात आपोआप वाकावा अशी सोय बसवली, तर संगणकाला कोपर कुठल्या बाजूला काढायचं ते या हलक्या वाकण्यावरून कळतं. अगदी सरळ हाडं दिलीत तर कोपर उलटं निघण्याची भीती असते.

दुसरी गोष्ट जाळीची. कोपराभोवती बिंदूंची निदान तीन वलयं हवीत: एक नेमकं सांध्यावर, एक वर, एक खाली. एकाच वलयावर कुठलीही रंगरंगोटी चालत नाही, कारण रंगवायला बिंदूच नसतात. दहा-पंधरा वलयं घालूनही भागत नाही. मग प्रत्येक वलयाचं वेट सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात आणि कातडीवर लाटा उठतात.

मग `With Automatic Weights` निवडून कातडी सांगाड्याला जोडायची. यामागची पद्धत इल्या बारान आणि योवान पोपोविच यांनी २००७ मध्ये मांडली होती. हाडं तापली तर कातडीच्या कुठल्या बिंदूपर्यंत किती उष्णता पोहोचेल, त्यावरून वेट ठरवायचं अशी ती कल्पना. बहुतेक शरीरासाठी ती उत्तम चालते. कधी कधी मात्र पडद्यावर असा निरोप येतो:

```
Bone Heat Weighting: failed to find solution for one or more bones
```

बऱ्याचदा कारण क्षुल्लक असतं, एकाच जागी दोन-दोन बिंदू साचलेले असतात. `Merge by Distance` ने ते एकत्र केले की काम पुढे सरकतं.

पण उष्णतेला कोपराची बाहेरची बाजू आणि आतली बाजू यांत फरक कळत नाही. ती दोन्हीकडे सारखीच पसरते. चांगल्या कोपराला नेमका हा फरक हवा असतो आणि म्हणून पुढचं काम हाताने करावं लागतं.

वेट पेंटिंगच्या पडद्यावर लाल म्हणजे १, निळा म्हणजे ० आणि मधले रंग मधले आकडे. सुरू करण्याआधी एक सोय करून ठेवा: पहिल्या फ्रेमला हात सरळ, विसाव्या फ्रेमला ९० अंशांत आणि चाळिसाव्याला पूर्ण वाकलेला. मग रंगवताना फ्रेम मागेपुढे ओढून लगेच परिणाम दिसतो. सरळ हातावर सुंदर दिसणारा रंगाचा उतार वाकल्यावर काय करील, ते नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही, मुरलेल्यांनाही नाही.

आपल्या मुलाच्या वरच्या आणि खालच्या वलयांचं मधल्या वलयापासूनचं अंतर दीड सेंटीमीटर आहे असं धरू. गणित सोपं राहावं म्हणून सांधा पुन्हा मधोमध मानू. बाहेरच्या बाजूला, कोपराच्या टोकाकडे, वरच्या वलयाला दंडाचं वेट ०.८५ आणि पुढच्या हाताचं ०.१५ द्या. खालच्याला उलट. मधलं ०.५ वर राहू द्या. मधला बिंदू थोडा आत जाईल, पण शेजारचे दोघे जवळजवळ आपापल्या हाडाला चिकटून राहतात आणि त्यांच्यामधून तो अजूनही टोकासारखा बाहेर दिसतो. तेच शेजारी ०.६ वर असते तर तेही आत ओढले गेले असते, आणि कोपर चेपलं असतं.

आतल्या बाजूला हेच आकडे दिले तर फसगत होते. तिथे ०.८५ ठेवलं तर ९० अंशांत वरचा बिंदू घडीची रेषा ओलांडून पुढच्या हातात शिरतो, आणि खालचा दंडात. म्हणून आत उतार सौम्य हवा: ०.७ आणि ०.३. एवढ्यावर ९० अंशांत दोन्ही बिंदू घडीच्या आपापल्या बाजूला, रेषेला जवळजवळ टेकून थांबतात, आणि हवी तशी घट्ट वळी पडते. हे आकडे पाठ करण्यासारखे नाहीत, कारण वलयांचं अंतर बदललं की तेही बदलतील. दोन बाजूंची वागणूक वेगळी ठेवायची, एवढं डोक्यात असलं तरी पुरे.

आकडे ब्रशने आणण्याचा अट्टाहास नको. वेट पेंटिंगमध्येच हवे ते बिंदू निवडून `Set Weight` ने नेमका आकडा देता येतो. ब्रश वापरलात तर `Auto Normalize` चालू ठेवा, म्हणजे एका बिंदूवरच्या सगळ्या वेटांची बेरीज १ राहते. आणि शक्यतो वेट वजा करू नका. दंडाचं वेट नको असेल तर पुढच्या हाताचं हाड निवडून तिथे वाढवा. वजा केलेलं वेट कुठेतरी जावंच लागतं, आणि त्या बिंदूवर बरगडीच्या हाडाचा जरासा अंश असला तर त्यातलं काही तिकडेही जातं. मग बेटकुळी दाखवताना कोपराचा एखादा बिंदू छातीकडे ताणलेला दिसतो. असा बिंदू सरळ हातात दिसत नाही, हात जोरात हलवल्यावरच सापडतो.

१४० अंशांत मात्र एवढं करूनही आतले बिंदू अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त एकमेकांत जातात. ते घडीत लपत असेल तर मी सोडून देतो. जवळून दिसणारा शॉट असेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे `Preserve Volume` चालू करणं. लाडिस्लाव काव्हान आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या ड्युअल क्वाटर्नियनच्या पद्धतीवर ते चालतं. त्यात बिंदू सरळ रेषेऐवजी वर्तुळावरून जातो, त्यामुळे चेपणं थांबतं. पण खूप वाकल्यावर कोपराला टेंगूळ येतं, आणि बारीक हातांच्या मुलाला ते फार वाईट दिसतं. दुसरी वाट कष्टाची आणि मला अधिक पसंत: हात पूर्ण वाकवून कोपराचा आकार हाताने घडवायचा, तो शेप की म्हणून साठवायचा आणि हाड जितकं फिरेल तितका तो आकार वर यावा अशी जोडणी करायची. यातून काहीही दुरुस्त होतं, पण हे काम शेवटी करायचं. आधी करून मग वेट बदललात तर तो घडवलेला आकार वाया जातो.

गुडघ्याचं गणित हेच, फक्त दिशा उलटी. टणक बाजू पुढे आणि मांस मागे, म्हणून सांधा वाटीकडे सरकवायचा. उठाबशा काढायला लावल्या की खोट लगेच बाहेर येते. वाटीवर तीन वलयं, पुढे तीव्र उतार, मागे सौम्य. मागे पोटरी आणि मांडी एकमेकांना टेकतात, म्हणून तिथे आत शिरणं कोपरापेक्षा जास्त सोसावं लागतं. पाय वाकताना तिरका जात असेल तर वेटकडे बघू नका. हाडाचा स्वतःच्या आसाभोवतीचा पीळ चुकला असेल, `Recalculate Roll` ने तो सरळ करा. आणि गुडघा एकाच आसावर वाकणारा सांधा असल्यामुळे बाकी दोन आस कुलूपबंद ठेवा.

हाफ पँट ही वेगळी जाळी असेल तर तिचे वेट मांडीवरूनच उतरवून घ्या, वेगळे रंगवू नका. तरीही उठाबशांत कुठेतरी मांडी कापडातून डोकावतेच. त्यावर जुना उपाय सगळ्यात बरा: पँटखाली झाकलेला पाय सरळ काढून टाकायचा.