पेढे झाले, आता मागे बसा

कुणी लायसनची परीक्षा पास झालं किंवा पहिली गाडी घेतली की ग्रुपवर आधी हाताच्या अंगठ्याचं चित्र येतं, मग ‘अभिनंदन’ आणि लगेच ‘पेढे कधी?’ त्यात वावगं काहीच नाही. पेढे मागणं हीसुद्धा आपल्याकडे प्रेमाची भाषा आहे. पण माणसानं नेमकं काय साधलंय हे ठाऊक असलं, तर अभिनंदनही नेमकं करता येतं.

साताऱ्यातल्या माझ्या मैत्रिणीचंच उदाहरण घ्या. वय बेचाळीस. इतकी वर्षं बाजारहाट रिक्षानं, नाहीतर नवऱ्याच्या मागे बसून. यंदा तिनं शिकाऊ लायसन काढलं, शिकली आणि स्वतःच्या पैशानं बिनगिअरची स्कूटर घेतली. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं आणि त्यावर निदान तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या लायसनची परीक्षा देता येत नाही. त्या काळात गाडीला लाल रंगातला ‘एल’ लावायचा. आणि एक महत्त्वाची अट अशी की, शिकवणारा लायसनधारक सोडून मागे कुणालाही बसवायचं नाही. ही अट लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा येऊ.

परीक्षेत ट्रॅकवर मोटार वाहन निरीक्षकासमोर आठाच्या आकड्यात गाडी फिरवून दाखवायची. पाय टेकला की संपलं. बाहेरून बघताना हे लुटुपुटीचं वाटतं, पण दुचाकीवरचं सगळ्यांत अवघड काम तेच आहे. गाडी वेगात असली की स्वतःच तोल धरते. वेग कमी झाला की तो तोल आपल्यालाच सांभाळावा लागतो. त्यात आठ काढायचा म्हणजे एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळायचं आणि मधे, जिथं दोन्ही गोल मिळतात तिथं, हँडल फिरवून दिशा बदलायची.

बहुतेक जण इथंच पाय टेकतात, आणि कारण ठरलेलं असतं. घाबरून नजर पुढच्या चाकाकडे जाते आणि हात पुढच्या ब्रेकवर आवळला जातो. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लागला की हळू चाललेली गाडी आतल्या अंगाला कलंडते. त्यावर उपाय म्हणजे जिथं जायचंय तिथं नजर ठेवायची, ॲक्सिलरेटर हलकासा एकसारखा धरायचा आणि वेग आवरायला मागचा ब्रेक जेमतेम टेकवायचा. मैत्रीण हे रोज सकाळी मोकळ्या पटांगणावर खडूनं आठ आखून घोटत होती. म्हणून मी तिला लिहिलं ते असं: ‘अगं, आठ एका दमात काढलास आणि पाय कुठंही टेकला नाही! पटांगणावरच्या खडूचं चीज झालं. गाडीची पूजा झाली की कळव, माझं हेल्मेट घेऊन दारात उभी राहते.’

‘चला, आता रस्ते रिकामे करा रे’ हा विनोद मात्र कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं. बायकांच्या वाट्याला तो जरा जास्तच येतो. नव्या चालकाला आधीच लोक आपल्याकडे बघतायत असं वाटत असतं. ते मनात घेऊन तो हँडल घट्ट धरतो, आणि घट्ट धरलेलं हँडल नीट वळत नाही. प्रेमानं केलेली थट्टासुद्धा थेट मनगटात जाऊन बसते. दुसरी गोष्ट त्या नव्या कार्डाच्या फोटोची. आनंदाच्या भरात तो स्टेटसला लावला जातो. त्यावर जन्मतारीख आणि पत्ता असतो. मैत्रिणीला तेवढं सांगा, आणि तुम्ही स्वतः तो फोटो पुढे ढकलू नका.

मग पूजा येते. शोरूमच्या दारात हळदी-कुंकवाचं स्वस्तिक, हार, नारळ, चाकाखाली लिंबू. दसऱ्याला आणि पाडव्याला तर ही गर्दी पाहण्यासारखी असते. मला हा सोहळा फार आवडतो. ज्यांच्या घरी बजाज चेतकचं बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट पाहिली गेली, त्यांना गाडी दारात येणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. फक्त दोन गोष्टी बघायच्या. हार हँडलच्या फिरण्यात किंवा हेडलाइटसमोर येऊ द्यायचा नाही. आणि लिंबावरून गाडी सरळ, अगदी सावकाश न्यायची. कोऱ्या टायरच्या वरच्या थरावर सुरुवातीला गुळगुळीतपणा असतो, खाली बहुधा फरशी असते, वर लिंबाचा रस. पहिले शंभर-एक किलोमीटर एकदम ब्रेक आणि तिरकी वळणं टाळली की टायर रस्ता धरू लागतो.

भेट द्यायची तर हेल्मेट द्या, पण आयएसआय खूण बघून आणि तिच्या डोक्याला घालून बघून. पट्टा बांधून मान हलवली तर हेल्मेटनं डोक्याबरोबरच हलायला हवं. ते वेगळं फिरलं तर माप मोठं आहे.

आता त्या अटीकडे येऊ. शिकाऊ लायसन होतं तोवर मैत्रीण मला मागे घेऊ शकत नव्हती. पक्कं लायसन झालं आणि ते तिला करता आलं. म्हणून माझ्या मते सगळ्यांत मोठं अभिनंदन म्हणजे तिच्या मागे बसणं. ‘तुझ्या हातात मी निर्धास्त आहे’ हे सांगायचा याहून सरळ मार्ग नाही.

पण मागे बसायचीही रीत आहे. नव्या चालकाला एकटीच्या गाडीची सवय असते. मागे माणूस बसला की वजन मागच्या चाकावर जातं, पुढचं हलकं होतं, हळू वळताना गाडी जड लागते आणि थांबायला जास्त अंतर लागतं. म्हणून तिनं दोन्ही पाय जमिनीवर रोवून ‘बस’ म्हटल्यावरच चढायचं. एका बाजूला पाय टाकून नाही, दोन्हीकडे टाकून बसायचं. पदर, ओढणी खोचून घ्यायची. वळणावर आपण उलट्या बाजूला झुकायचं नाही, तिच्याबरोबर जायचं. आणि ‘अगं ब्रेक, ब्रेक!’ असं कानाशी ओरडायचं नाही.

पहिला रस्ताही विचार करून निवडायचा. तिच्या मनात यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं होतं. मी म्हटलं, ‘पुढच्या महिन्यात जाऊ.’ चढावर थांबून पुन्हा निघणं हा डबलसीटचा वेगळाच धडा आहे. आम्ही सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत, संगम माहुलीला गेलो. कृष्णा-वेण्णेच्या घाटावर बसून डब्यातले पोहे खाल्ले आणि परत आलो. येताना एका चौकात ती सिग्नलला थांबली, तेव्हा गाडी जराही डगमगली नाही.

तुमच्या ओळखीत कुणाचं नुकतंच पासिंग झालं असेल तर पेढे जरूर मागा. पण मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, तेव्हा जाताना स्वतःचं बरोबर न्या.