व्हाउचरच्या फोटोंसोबत जाणारे पत्र

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि सहाच दिवसांनी आर्थिक वर्ष संपले. गृहनिर्माण सोसायट्यांच्या व्हाउचर फायली ऑफिसच्या कपाटात होत्या, खजिनदार घरात अडकले होते आणि ऑडिटरला येता येत नव्हते. मग कोणीतरी कपाट उघडून एकेका व्हाउचरचा मोबाइलने फोटो काढायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, अशी रीत पडली. मी सोसायट्यांची पुस्तके लिहितो. त्या वर्षी ऑडिटरकडे जी पत्रे गेली, त्यातल्या बहुतेकांत एवढेच असे : ‘सोबत व्हाउचरचे फोटो जोडले आहेत. एकूण खर्च कीर्दीशी जुळतो.’ त्या परिस्थितीत ते चालून गेले. ऑडिटर पुन्हा येऊ लागले, तरी फोटो राहिले, उलट वाढले. पुढे फोटोतले आकडे हाताने न उतरवता सॉफ्टवेअरकडून वाचून घेणे सुरू झाले, आणि तेव्हापासून त्या दोन ओळी पुरेनाशा झाल्या.

सॉफ्टवेअर कसे चुकते, ते आमच्या व्हाउचरवर लवकरच दिसू लागले. एका महिन्याच्या किरकोळ खर्चाची कीर्दीतली बेरीज २१,८६० रुपये होती, तर फोटोंवरून वाचलेल्या आकड्यांची २५,९११. फरक ४,०५१. दोन अंकांची अदलाबदल झाली किंवा एखादे शून्य जास्त पडले, तर फरकाला नऊने नि:शेष भाग जातो, हे हिशेबनीस पहिल्या वर्षी शिकतो. इथे भाग जात नव्हता, म्हणजे चूक निराळ्या जातीची होती. सफाई साहित्याच्या व्हाउचरवर रक्कम ‘४५०/-’ अशी लिहिली होती. त्यातली तिरकी रेघ सॉफ्टवेअरने एक म्हणून वाचली आणि ४,५०१ झाले. रुपयाच्या चिन्हाचेही तसेच. ते कधी दोन म्हणून वाचले जाते आणि साडेतीनशेच्या बिलाचे दोन हजार साडेतीनशे होतात. अशा चुका मोठ्या असतात, बेरजेत लगेच उघड्या पडतात, म्हणून त्यांची भीती नाही.

भीती वाटावी ती बेरीज जुळल्यावर. दुसऱ्या एका महिन्यात कीर्द आणि फोटो यांची बेरीज रुपयाला रुपया जुळत होती. खतावणी मात्र खटकली. प्लंबिंगचा खर्च आठशेने कमी आणि विजेचा आठशेने जास्त दिसत होता. दोन्ही व्हाउचरे हातात घेतली. प्लंबरचे ‘९५०’ सॉफ्टवेअरने १५० वाचले होते, कारण लिहिणाऱ्याने नऊची शेपटी आखडती घेतली होती. इलेक्ट्रिशियनचे देवनागरी ‘१५०’ त्याने 950 वाचले होते, कारण आपला एक इंग्रजी नऊसारखा दिसतो. एका ठिकाणी आठशे गेले, दुसऱ्या ठिकाणी आठशे आले. निकाल लागला तो ‘अक्षरी रुपये’ या ओळीवर. एकावर ‘नऊशे पन्नास फक्त’ होते, दुसऱ्यावर ‘एकशे पन्नास फक्त’. व्हाउचरवरची ही ओळ पुष्कळ जण कंटाळून मोकळी सोडतात. फोटोवरून आकडा वाचायचा असेल तेव्हा तिच्यासारखा दुसरा पुरावा नाही.

तेव्हापासून पत्रात एक वाक्य कायमचे आले : ‘महिन्याची बेरीज कीर्दीशी जुळते, पण त्यावरून प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे तपासला आहे असे समजू नये.’ काही खजिनदारांना हे वाक्य आवडत नाही. आपणच आपल्या कामावर शंका घेतो असे त्यांना वाटते. पण ऑडिटर नमुना तपासणी करतो, आणि कुठे खोल जायचे हे ठरवण्यासाठी त्याला हेच कळायला हवे असते.

पत्राचा गाभा आता तीन याद्यांचा असतो. पहिल्या यादीत फक्त सॉफ्टवेअरने वाचलेले आकडे, ज्यांकडे माणसाने पाहिलेले नाही. दुसऱ्या यादीत फोटोवरून माणसाने वाचलेले. तिसऱ्या यादीत मूळ कागद हातात घेऊन तपासलेले. प्रत्येक आकड्यापुढे व्हाउचर क्रमांक, आणि दुसऱ्या-तिसऱ्या यादीत वाचणाऱ्याची सही. ‘नव्वद टक्के तपासले’ असे मी लिहू देत नाही. उरलेले दहा टक्के कोणते, हे त्यातून कळत नाही आणि नेमकी गडबड तिथेच असू शकते.

हाताने काय तपासायचे, हेही हळूहळू ठरत गेले. देवनागरीत हाताने लिहिलेले प्रत्येक व्हाउचर. खाडाखोड असलेले प्रत्येक. पाच हजारांवरची प्रत्येक रोख पावती, कारण तिथे रेव्हेन्यू स्टॅम्प आहे का आणि त्यावर सही आडवी गेली आहे का, हेही पाहायचे असते. छापील बिले आधी सॉफ्टवेअरवर सोडली तरी चालतात. टेसरॅक्टसारखी सॉफ्टवेअरे प्रत्येक शब्दाला खात्रीचा गुण देतात, पण तो अक्षराच्या आकाराबद्दल असतो, रक्कम खरी असण्याबद्दल नाही. तिरक्या रेघेचा एक करतानाही गुण चांगला मिळू शकतो. कमी गुणाचे आकडे तपासायलाच हवेत, पण जास्त गुणाचे तपासल्यात जमा धरू नयेत.

वाचण्याची पद्धतही पत्रात लिहावी. आमच्याकडे एकाने फोटोवरून आधी अक्षरी रक्कम मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ती कोऱ्या कागदावर उतरवायची, आणि मगच सॉफ्टवेअरचा आकडा उघडायचा. समोर ९५० दिसत असेल तर डोळा ९५०च वाचतो. व्हाउचरवर ज्याची सही आहे, त्याने ते वाचायला बसू नये.

फोटो कुठे अपुरा पडतो, हा पत्राचा शेवटचा परिच्छेद. आयसीएआयचे लेखापरीक्षण मानक ५०० छायाप्रत किंवा डिजिटल रूपापेक्षा मूळ दस्तऐवज अधिक विश्वसनीय मानते, आणि त्याचे कारण कामात पदोपदी दिसते. मागे लिहिलेला मजकूर फोटोत येत नाही. दोन वेगळ्या शाया सहज ओळखू येत नाहीत. एकाच बिलाचे दोन फोटो दोन खर्च म्हणून जाऊ शकतात. आणि ज्या व्हाउचरचा फोटोच काढला नाही, त्याचा पत्ता फक्त तुटलेल्या अनुक्रमांकावरून लागतो. म्हणून गाळलेले आणि रद्द केलेले क्रमांक पत्रात नावानिशी यावेत.

मूळ कागद फोटोपेक्षा भरवशाचा, याला एक अपवाद आहे. जनरेटरच्या डिझेलची पंपावरची पावती उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते. एप्रिलमधली पावती पुढच्या जुलैत ऑडिटरसमोर ठेवली तर कागद जवळपास कोरा असतो. तिथे पावती मिळाली त्याच दिवशी काढलेला फोटोच भरवशाचा. पत्रात तसे स्पष्ट लिहावे : मूळ पावती पुसट झाली आहे, रक्कम अमुक तारखेच्या फोटोवरून घेतली आहे. फिकट कागद मात्र फेकू नये, फाइलला लावून ठेवावा.

नमुन्याला कोणती व्हाउचरे घ्यायची हे पत्राने सुचवू नये, ती निवड ऑडिटरची. यंदाची पुस्तके लिहिणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे : पत्रात न तपासलेल्या आकड्यांची यादी सगळ्यात वर ठेवा, आणि आजपासून प्रत्येक व्हाउचरवर ‘अक्षरी रुपये’ भरून घेतल्याशिवाय त्याचा फोटो काढू नका.