एक नाव, अनेक घरे : उडदाच्या पापडाचा दर्जा एकसारखा राखताना

दुकानात पापड घेताना ग्राहक पाकीट हातात धरून पारखतो. ऑनलाइन खरेदीत त्याच्यासमोर केवळ छायाचित्र आणि मागील पाकिटाची आठवण असते. म्हणूनच दहा-बारा घरांत लाटलेले पापड एकाच नावाने विकणाऱ्या गटाची कसोटी प्रत्येक नव्या पाकिटाबरोबर लागते.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर मुंबईतच सापडते. १९५९ साली गिरगावात सात महिलांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर 'लिज्जत'चे काम आरंभिले. पुढे तेथे रूढ झालेल्या पद्धतीत पीठ केंद्रावर मळले जाते, भगिनी ते घरी नेऊन पापड लाटतात व वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी परत आणतात. चव ठरविणारे काम एका ठिकाणी आणि हाताचे काम घरोघरी, ही विभागणी लहान गटालाही उपयोगी पडते.

केंद्रावरचे काम

उडदाचे पीठ, मीठ, पापडखार, मिरी आणि हिंग यांचे मोजमाप घरोघरी चमच्याने झाल्यास प्रत्येक घराची चव निराळी होते. पापडखार थोडा जरी अधिक झाला, तरी पापड लालसर होतो आणि त्याला साबणासारखी चव येते. म्हणून सर्व घटक केंद्रावर वजनाने घ्यावेत. एक किलो पिठास साधारण ४५० मिलिलिटर पाणी लागते. परंतु डाळीचा नवा साठा आला की पाणी शोषण्याचे प्रमाण बदलते. त्यामुळे नव्या पिठाचे थोडे डांगर आधी मळून, लाटून व भाजून पाहावे आणि मगच मोठा घाणा घ्यावा.

घरचे काम

घरी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात : लाटीचे वजन, पापडाचा आकार आणि वाळवण. १७ ग्रॅमची लाटी १६ सेंटिमीटर व्यासाची लाटली की वाळल्यावर सुमारे १३ ग्रॅमचा, अर्धा मिलिमीटर जाडीचा पापड मिळतो. पोळपाटावर या मापाचे वर्तुळ आखून दिल्यास वेगळ्या उपकरणाची गरज उरत नाही. पापड सावलीत वाळवावेत. कडक उन्हात कडा आधी आक्रसतात आणि पापड वाकडा होऊन पार्सलमध्ये मोडतो.

तराजू काय सांगतो

समजा, एका घरी ३ किलो डांगर दिले. त्याच्या सुमारे १७५ लाट्या होतात आणि योग्य वाळलेल्या पापडांचे वजन २.२५ ते २.३० किलो भरते. हे प्रमाण प्रत्येक गटाने आपल्या पाककृतीवर एकदा प्रत्यक्ष पडताळून निश्चित करावे. त्यानंतर पापडांची संख्या आणि वजन एकत्र पाहिले की बहुतेक दोष ओळखता येतात.

संख्या १७४, परंतु वजन २.४५ किलो भरले, तर लाटणे बरोबर असून वाळवण अपुरी आहे. अशा पापडात सुमारे २० टक्के ओलावा असतो आणि बंद पाकिटात त्याला बुरशी येते. ते पुन्हा वाळवावेत, नाकारू नयेत. वजन २.२७ किलो, पण संख्या केवळ १५० असेल, तर वाळवण योग्य असून लाट्या मोठ्या झाल्या आहेत. पापड १५ ग्रॅमचा झाल्याने २०० ग्रॅमच्या पाकिटात पंधराऐवजी तेराच बसतात आणि ग्राहकाच्या ते तत्काळ लक्षात येते. वजन २.१० किलोपर्यंत उतरले आणि संख्या पुरी असली, तर पापड अतिवाळून ठिसूळ झाले आहेत.

जाडीतील असमानता मात्र तराजूला कळत नाही. त्यासाठी प्रत्येक घराच्या मालातील दोन पापड भाजून पाहावेत. मध्यभाग कच्चा राहून कडा करपल्या, तर लाटणे असमान आहे.

दोष कोणाचा?

एका पाकिटात एकाच घरचे पापड भरावेत आणि लॉट क्रमांकात घाण्याचा दिनांक व घराचा क्रमांक घालावा. तक्रार आल्यास त्याच घाण्यातील इतर घरांचा माल पाहता येतो. सर्वांचे पापड लालसर निघाले, तर चूक केंद्राची आहे आणि तिचा भार एकाही महिलेच्या मजुरीवर पडू नये. एकाच घरचे पापड जाड निघाले, तर तेथील लाटी मोजून पाहावी.

मजुरी ठरविण्याची रीतही दर्जावर परिणाम करते. वाळलेल्या पापडाच्या किलोवर मजुरी दिली, तर ओला पापड आणणारीला अधिक पैसे मिळतात आणि नीट वाळवणारीचे नुकसान होते. स्वीकारलेल्या पापडांच्या संख्येवर मजुरी दिल्यास हे टळते. लाट्या लहान होऊ लागल्या, तर सरासरी वजनातून ते लगेच दिसते.

पावसाळ्यात हवाच दमट असल्याने घरातील सावली पुरत नाही. त्या काळात डांगर कमी वाटावे किंवा वाळवण केंद्रावरील सौर वाळवणी यंत्रात करावी आणि संकेतस्थळावर उपलब्ध पाकिटांची संख्या त्याच बेताने दाखवावी. वाळवता येतील तेवढ्याच पापडांची मागणी स्वीकारली, तर घाईत ओला माल पाकिटात जात नाही.