शेपटीला ‘मेंते’

इंग्रजी वाक्य असे आहे: एका बाईने दार ‘स्लोली’ उघडले, ‘नर्व्हसली’ इकडेतिकडे पाहिले आणि ती ‘क्वाएटली’ आत आली. तीन क्रियाविशेषणे, पण इंग्रजी वाचकाला त्यांचे ओझे वाटत नाही, कारण तो ‘ली’ तोंडातल्या तोंडात विरून जातो. आता शब्दाला शब्द ठेवून केलेले इटालियन ऐका: आप्री लेंतामेंते ला पोर्ता, सी ग्वार्दो इन्तोर्नो नेर्वोसामेंते एद एन्त्रो सिलेन्त्सियोसामेंते. व्याकरण निर्दोष आहे, तरी वाक्य पाय ओढत चालते.

याचे कारण ‘मेंते’च्या जन्मात आहे. लॅटिनमध्ये ‘मेन्स’ म्हणजे मन. आपल्या ‘मनस्’शी त्याचे मूळ एकच. ‘लेंता मेंते’ म्हणजे ‘सावकाश मनाने’. हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून आजही इटालियनमध्ये विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप घेऊन त्याला ‘मेंते’ जोडतात. मन मागे पडले, प्रत्यय उरला. पण अंगाने तो पूर्ण शब्दच राहिला. त्याची अक्षरे दोन, आणि आघात नेमका ‘में’वर पडतो. त्यामुळे वरच्या वाक्यातल्या इंग्रजी क्रियाविशेषणांची आठ अक्षरे इटालियनमध्ये पंधरा होतात, शिवाय तिन्ही शब्दांचे शेवट एकाच ठेक्यावर आदळतात. गद्यात नको असलेले यमक तयार होते.

दोन क्रियाविशेषणे शेजारी आली की अडचण वाढते. स्पॅनिशमध्ये पहिल्या शब्दाचा ‘मेंते’ गाळून तो फक्त दुसऱ्याला लावता येतो. आजच्या इटालियनमध्ये ती सोय नाही. ‘सावकाश आणि काळजीपूर्वक’ म्हणायचे तर लेंतामेंते ए आत्तेन्तामेंते, दोन्ही पूर्ण. मुरलेला अनुवादक इथे ‘कोन काल्मा ए आत्तेन्त्सियोने’ लिहील, म्हणजे शांततेने आणि लक्ष देऊन. एकच ‘कोन’ दोन्ही नामांना पुरतो.

आता त्या दाराकडे परत येऊ. ‘लेंतामेंते’च्या जागी ‘प्यानो’ हा दोन अक्षरांचा रोजच्या बोलण्यातला शब्द बसतो. आत येणे ‘सेन्त्सा फार रुमोरे’ होते, म्हणजे आवाज न करता. हे ‘सिलेन्त्सियोसामेंते’पेक्षा लहान नाही, दोन्हीकडे अक्षरे सहाच, पण तीन छोट्या शब्दांत विभागल्यामुळे कानाला हलके लागते आणि यमकही मोडते. मधल्या ‘नर्व्हसली’साठी साधे विशेषण पुरते, ‘नेर्वोसा’. वाक्य होते: आप्री प्यानो ला पोर्ता, सी ग्वार्दो इन्तोर्नो नेर्वोसा एद एन्त्रो सेन्त्सा फार रुमोरे.

या ‘नेर्वोसा’ने आणखी एक काम केले. इटालियनमध्ये ‘ती’ हे सर्वनाम सहसा गाळतात, आणि ‘आप्री’ या क्रियापदावरून उघडणारा पुरुष की बाई हे कळत नाही. इंग्रजीतली ‘शी’ पहिल्या अनुवादात चक्क हरवली होती. विशेषणाच्या शेवटच्या ‘आ’ने ती परत आली.

‘मेंते’ टाळायचे म्हणून काही जण ‘इन मोदो सिलेन्त्सियोसो’, म्हणजे ‘शांत पद्धतीने’, असे लिहितात. हा उपाय रोगापेक्षा वाईट. शब्द वाढतात आणि कथेला सरकारी परिपत्रकाचा वास येतो. मराठीत ‘शांतपणे’ खटकले म्हणून ‘शांत रीतीने’ लिहिण्यासारखेच ते.

काही ‘मेंते’ जड असतात, काही सरळ चुकीचे. इंग्रजी ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे शेवटी, कालांतराने. इटालियन ‘एव्हेन्तुआल्मेंते’ म्हणजे गरज पडलीच तर. ‘ॲक्च्युअली’ म्हणजे खरे तर. ‘आत्तुआल्मेंते’ म्हणजे सध्या. वाक्य वाचायला सुरळीत लागते, म्हणून अशी चूक नुसत्या इटालियन प्रतीत सापडत नाही. इंग्रजी मूळ शेजारी ठेवूनच तपासावे लागते. ठेक्याचा दोष मात्र मोठ्याने वाचताच उघडा पडतो. संगणकावर `mente` शोधले तर शब्दांची गर्दी कुठे आहे ते दिसते; त्यात ‘क्लेमेन्ते’, म्हणजे दयाळू, यासारखी निरपराध विशेषणेही सापडतात, ती सोडून द्यायची.

सगळे ‘मेंते’ उपटून काढण्याचा हट्ट मात्र मला पटत नाही. ‘प्रोबाबिल्मेंते’, म्हणजे बहुधा, हा इटालियन माणसाच्या तोंडी सहज येणारा शब्द आहे. करारात अनुक्रम सांगणारा ‘रिस्पेत्तिव्हामेंते’ काढला तर कोणती रक्कम कोणाची यावरून वाद होईल. आणि दाराची ती गोष्ट ‘मी’ सांगत असेल, लेखकाने ‘मी’ बाई की पुरुष हे मुद्दाम लपवले असेल, तर ‘नेर्वोसा’ किंवा ‘नेर्वोसो’ लिहिताच गुपित फुटते. तिथे ‘कोन नेर्वोसीस्मो’ लिहावे; नाहीतर लिंग न सांगणारा ‘नेर्वोसामेंते’ मुकाट ठेवून बाकीचे दोन काढावेत.