खोली तीच, उजेड तोच

2006 साली आयकिया या स्वीडिश कंपनीच्या कॅटलॉगमध्ये ‘बर्टिल’ नावाची एक लाकडी खुर्ची छापून आली. ते छायाचित्र नव्हतं, संगणकावर उभं केलेलं चित्र होतं. पुढच्या काही वर्षांत कंपनीची बहुतेक उत्पादन-चित्रं त्याच पद्धतीने तयार होऊ लागली. त्या पद्धतीत खोली मोजमापांसह संगणकात बांधली जायची. भिंत किती फुटांची, खिडकी कुठे, दिवा केवढा, हे एकदा ठरलं की कॅमेरा कुठेही फिरवला तरी सावली बरोबर जागीच पडायची, कारण ती गणिताने काढलेली असायची.

आज फर्निचरचा छोटा दुकानदारही एआयकडून जाहिरात करून घेतो. मात्र इथे मागे बांधलेली खोली नसते. लिखित सूचनेवरून, म्हणजे प्रॉम्प्टवरून, चित्र तयार करणारी बरीच साधनं प्रत्येक चित्राची सुरुवात नव्या ठिपक्यांच्या गोंधळातून करतात आणि शब्दांच्या आधाराने त्यातून चित्र काढत जातात. नव्या चित्रासाठी ‘तीच खोली’ असं लिहिलं आणि आधीचं चित्र सोबत दिलं नाही, तर ‘तीच’ या शब्दाला काही अर्थच उरत नाही. मग पहिल्या दृश्यात खिडकी उजवीकडे आणि दुसऱ्यात डावीकडे जाते, पांढरी भिंत पिवळसर होते, आणि मुख्य म्हणजे सागवानी सोफा मध्येच शिसवी दिसू लागतो. गिऱ्हाईक लाकडाचा रंग पाहून पैसे मोजतं, त्यामुळे फर्निचरच्या जाहिरातीत ही चूक सर्वांत महागात पडते.

यावर अनेकजण सीड नावाचा आकडा कायम ठेवतात. सुरुवातीचा गोंधळ त्या आकड्याने ठरतो, म्हणून प्रॉम्प्ट तोच असेल तर चित्रही जवळपास तेच येतं. पण कॅमेऱ्याची जागा बदलायची तर शब्द बदलावे लागतात, आणि शब्द बदलले की मांडणीही बदलते. मिडजर्नीतलं `--sref` हे शैलीचं चित्र उचलतं, खोली नव्हे. रंगाचा बाज जुळतो, खिडकी जुळेलच असं नाही.

खरा उपाय म्हणजे दृश्यं लिहिण्याआधी खोली ठरवणं, आणि तीही दिशांनिशी. समजा, सागवानी सोफ्याची छोटी जाहिरात करायची आहे. कागदावर एक आयत काढावा. सोफा उत्तरेच्या भिंतीला टेकलेला, तोंड दक्षिणेला. पूर्वेच्या भिंतीत एकच मोठी खिडकी. पश्चिमेच्या भिंतीत कोनाडा, त्यात पितळी समई. दक्षिणेला दार. वेळ सकाळी नऊची. हा नकाशा यंत्राला द्यायचा नसतो, तो लिहिणाऱ्यासाठी असतो. त्यावरून रिकाम्या खोलीचं पहिलं चित्र मागायचं:

```
रिकामी खोली, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, समोरची भिंत सरळ.
भिंती चुन्याच्या पांढऱ्या, जमीन गुळगुळीत राखाडी कोबा.
उजव्या भिंतीत एक लाकडी खिडकी, पातळ पांढरा पडदा.
डाव्या भिंतीत कोनाडा, त्यात एक पितळी समई.
उजेड फक्त खिडकीतून, मऊ, सकाळचा. दिवे बंद.
```

यातला प्रत्येक शब्द जपून निवडलेला आहे. कोबा अशासाठी, की टाइलच्या रेघा दर चित्रात वेगळ्या होतात आणि डोळ्याला लगेच खटकतात. पुस्तकांचं कपाट किंवा फोटोंच्या चौकटीही याच कारणाने टाळलेल्या बऱ्या. मोजता येण्याजोगी, एकेकटी वस्तू टिकण्याची शक्यता जास्त असते. पातळ पडदाही असाच कामाचा आहे. थेट उन्हाचे कवडसे धारदार कडांचे असतात आणि दर चित्रात जागा बदलतात. पडद्यातून आलेल्या उजेडाच्या सावल्या मऊ असतात, त्यामुळे थोडा फरक पडला तरी खपून जातो. दिवे बंद ठेवले की पिवळा उजेड दिवसाच्या पांढऱ्या उजेडात मिसळत नाही आणि लाकूड तांबूस होत नाही. ‘झाडं नकोत’ असं मात्र लिहू नये. नको म्हटलेली वस्तूच चित्रात उगवण्याचा अनुभव पुष्कळांना येतो. जे हवं आहे तेवढंच सांगावं.

हे चित्र मनासारखं झालं की तेच मूळ चित्र. जेमिनी किंवा फ्लक्स काँटेक्स्टसारख्या साधनांना चित्र दाखवून त्यात बदल सांगता येतो. मूळ चित्रासोबत सोफ्याचा खरा फोटो द्यायचा आणि सोफा समोरच्या भिंतीला लावायला सांगायचं. इथे सोफ्याचं वर्णन पुन्हा लिहू नये. शब्द आणि फोटो यांत तफावत पडली तर यंत्र दोन्हींच्या मधलं काहीतरी काढतं.

खरी कसोटी लागते ती कॅमेरा वळल्यावर. ‘उजेड उजवीकडून’ ही सूचना पहिल्या दृश्यापुरतीच खरी असते, कारण तिथे कॅमेरा उत्तरेकडे पाहतो आहे. सोफ्याच्या बाजूने दाराकडे पाहिलं, की तीच पूर्वेची खिडकी डाव्या हाताला येते. कोनाड्यापासून खिडकीकडे पाहिलं, तर उजेड थेट समोरून येतो, सोफा डाव्या कडेला आडवा दिसतो आणि त्याच्या सावल्या कॅमेऱ्याकडे झुकतात. म्हणून प्रत्येक दृश्याआधी नकाशावर कॅमेरा ठेवायचा, त्या जागेवरून उजवं-डावं काढायचं आणि मगच लिहायचं:

```
याच खोलीत कॅमेरा डाव्या भिंतीपाशी, खिडकीकडे पाहणारा.
खिडकी मागे मधोमध, उजेड समोरून येतो.
सोफा चौकटीच्या डाव्या कडेला, बाजूने दिसणारा.
सावल्या कॅमेऱ्याच्या दिशेने. भिंत, कोबा, पडदा मूळ चित्राप्रमाणे.
```

जे एकाही चित्रात दिसलेलं नाही, ते यंत्र मनाने रचतं. दाराची भिंत पहिल्या चित्रात नाही, म्हणून तिचं वेगळं मूळ चित्र आधीच करून घ्यावं आणि दाराकडच्या प्रत्येक दृश्याला तेच जोडावं. दुसरा नियम असा, की बदललेल्या चित्रावर पुन्हा बदल करत जाऊ नये. दर फेरीत रंग थोडा सरकतो, लाकडाच्या रेषा पुसट होतात. दर नवं दृश्य मूळ चित्रापासूनच सुरू करावं.

चित्रं हलती करताना प्रत्येक तुकड्याचं पहिलं चित्र म्हणून हीच दृश्यं द्यायची आणि शब्दांत फक्त हालचाल सांगायची. ‘कॅमेरा सावकाश सोफ्याकडे सरकतो, उजेड बदलत नाही’ एवढं पुरतं. कॅमेरा पूर्ण फिरवला की न पाहिलेले कोपरे उघडे पडतात आणि तिथे नवी खिडकी निघू शकते.

तपासणी सोपी आहे. सगळी दृश्यं लहान आकारात एका पानावर शेजारी शेजारी लावायची. मोठ्या चित्रात सुटलेला फरक तिथे चटकन दिसतो. मग सोफ्याच्या पायांच्या सावल्या पाहायच्या. त्या खिडकीपासून दूर जात नसतील तर दृश्य बाद. शेवटी रंग टिपणाऱ्या साधनाने लाकडावरची तीच जागा सगळ्या चित्रांत तपासायची. ती कमी-जास्त उजळ असणं साहजिक आहे, पण तपकिरीची लालसर झाली असेल तर चित्र पुन्हा करायचं.

संध्याकाळचं दृश्य हवं असेल तर नवी खोली मागू नये. मूळ चित्र देऊन फक्त उजेड बदलायला सांगावं, म्हणजे खिडकीबाहेर निळसर अंधार आणि कोनाड्यात पेटलेली समई. या दृश्यात लाकूड पिवळसर दिसणारच. म्हणून सोफ्याचा खरा रंग दाखवण्याचं काम सकाळच्या दृश्यांकडेच ठेवावं. चकाकणारं पॉलिश आणि काचेचं टेबल इथे मात्र ही पद्धत कमी पडते. प्रतिबिंबात दिसणारी खोली बहुधा समोरच्या खोलीशी जुळत नाही. अशा वस्तूचं आणि लाकडाच्या रेषांचं जवळून दिसणारं दृश्य दुकानातल्याच पूर्वेच्या खिडकीपाशी, पातळ पडदा लावून, सकाळी साध्या कॅमेऱ्याने टिपावं आणि ते बाकीच्या दृश्यांमध्ये जोडावं.