सुलट दिसतं, पण किती दिसतं?

गॅलिलिओच्या दुर्बिणीत पुढे बहिर्वक्र आणि डोळ्याशी अंतर्वक्र, अशी दोनच भिंगं असतात. फ्लॉरेन्सच्या गॅलिलिओ संग्रहालयातल्या त्याच्या एका दुर्बिणीत पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर ९८० मिलिमीटर आहे, तर नळी त्याहून आखूड, सुमारे ९३ सेंटिमीटर. किरण एकत्र येण्याआधीच अंतर्वक्र भिंग त्यांना अडवून समांतर करतं. किरणांची अदलाबदल होतच नाही, म्हणून प्रतिमा सुलट. नळीची लांबी म्हणजे दोन्ही नाभीय अंतरांची वजाबाकी.

सुलट प्रतिमा, आखूड नळी. मग आणखी काय हवं? हवं ते दृश्याचं क्षेत्र. अंतर्वक्र भिंगातून कडेच्या दृश्याचे किरण बाहेरच्या बाजूला पांगतात आणि बाहुली मधलेच तेवढे टिपते. वीसपट दाखवणाऱ्या अशा दुर्बिणीत अख्खा चंद्रही एका वेळी मावत नाही.

१६११मध्ये केप्लरने डोळ्याशीही बहिर्वक्र भिंग सुचवलं. आता किरण आधी एकत्र येतात, मग या भिंगातून जाऊन त्याच्या किंचित मागे एका छोट्या चकतीत गोळा होतात. बाहुली तिथे ठेवली की रुंद दृश्य आत येतं. पण लांबी आता बेरजेची, आणि प्रतिमा वर-खाली व डावी-उजवी, दोन्हीकडून उलटी. ताऱ्यांना ते चालतं. उडता पक्षी शोधताना मुळीच नाही.

यावरचा सुंदर तोडगा इग्नात्सिओ पोरो या इटालियन माणसाचा, १८५४ सालचा: दोन काटकोनी लोलक. काचेच्या आतून ४५ अंशांनी येणारा किरण आरपार जात नाही, पूर्ण परावर्तित होतो. मुलामा लागतच नाही. एक लोलक वर-खाली फिरवतो, त्याला आडवा ठेवलेला दुसरा डावं-उजवं. शिवाय मार्ग दुमडला जाऊन नळी आखडते. झाइस कंपनीने १८९४मध्ये अशा द्विनेत्री बाजारात आणल्या.

आठपट मोठं दाखवणारी, ३० मिलिमीटर भिंगाची द्विनेत्री घेऊ. नाभीय अंतरं १२० आणि १५ मिलिमीटर धरली, तर गॅलिलिओची मांडणी १०५ मिलिमीटरची होते. केप्लरची १३५ची, ती लोलकांनी दुमडायची. मात्र किलोमीटरभर दूरचं दृश्य पहिलीत जेमतेम वीसेक मीटर रुंद दिसेल, तर लोलकांच्या चांगल्या द्विनेत्रीत सव्वाशे मीटरच्या आसपास. म्हणूनच गॅलिलिओची मांडणी आज तीनपटीच्या नाट्यगृहातल्या द्विनेत्रीत टिकून आहे.

विकत घेताना नुसत्या आकारावर विश्वास ठेवू नका. सरळ नळीतही वेगळ्या घडणीचे लोलक असतात. द्विनेत्री हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे रोखा; सूर्याकडे मात्र कधीच नाही. लोलकवालीत मागच्या भिंगाच्या जरा अलीकडे, हवेत तरंगल्यासारखी पावणेचार मिलिमीटरची उजळ चकती दिसते. गॅलिलिओच्या मांडणीत तो गोल नळीच्या आत खोल दिसतो.